व्हायरल लोड ‘नॉट डिटेक्टेड’ असूनही टीएलडीची गोळी का थांबवत नाहीत

प्रश्न: माझ्या भावाचा एचआयव्हीचा व्हायरल लोड दोन वर्षं ‘नॉट डिटेक्टेड’ येतोय, मग व्हायरस गेलाच ना? तरी गोळी आयुष्यभर घ्या म्हणतात. ती गोळी आत नक्की करते काय?

उत्तर:

रिपोर्टमध्ये मोजतात ते फक्त प्लाझ्मात तरंगणारे व्हायरसचे कण, म्हणजे त्यांच्यातला आरएनए. पेशीच्या आत डीएनएमध्ये जे लिहून बसलंय ते त्या टेस्टला दिसतच नाही. मी बरीच वर्षं व्हायरल लोडच्या लॅबमध्ये काम करते आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

एचआयव्हीकडे स्वतःचा मजकूर आरएनएमध्ये असतो, साधारण ९,७०० अक्षरांचा. आपल्या पेशीचा मजकूर मात्र डीएनएमध्ये. त्यामुळे पेशीत शिरल्यावर आधी त्याला आरएनएचं डीएनए करावं लागतं, आणि हे काम करणारं एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, तो सोबतच घेऊन येतो. असं उलटं काम होऊ शकतं हे १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळं दाखवलं, तोपर्यंत बहुतेकांना डीएनएपासून आरएनए एवढीच दिशा माहीत होती. गंमत म्हणजे या एन्झाइमला कोऱ्यावरून सुरुवात करता येत नाही, आधीचा एखादा तुकडा लागतो ज्याला पुढची अक्षरं जोडायची, आणि तो तुकडा म्हणून तो आपल्याच पेशीतला टीआरएनए नावाचा एक छोटा आरएनए वापरतो. सुरुवात होते आरएनएच्या एका टोकाजवळ, त्यामुळे १८० च्या आसपास अक्षरं लिहिली की कागद संपतो, मग ते छोटं टोक उचलून दुसऱ्या टोकाला चिकटतं आणि तिथून पुढे लिहिणं चालू होतं, आणि लिहून झालेला आरएनए एन्झाइमचाच दुसरा भाग मागोमाग कुरतडत जातो. पुढे अशीच आणखी एक उडी होते आणि शेवटी तयार होणाऱ्या डीएनएच्या दोन्ही टोकांना एकसारखा भाग येतो, त्याला एलटीआर म्हणतात. हे सगळं पेशीद्रवात होतं असं जुन्या पुस्तकांत असायचं, आता असं दिसलंय की व्हायरसचं आतलं कवच, कॅप्सिड, केंद्रकाच्या आतपर्यंत जातं आणि काम तिथे पूर्ण होतं.

भावाची गोळी बहुतेक टीएलडी असणार, एका गोळीत तीन औषधं: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्रेव्हिर. पहिली दोन या आरएनएचं डीएनए होण्याच्या टप्प्यावर काम करतात. टेनोफोव्हिर म्हणजे ‘ए’ अक्षराची नक्कल आणि लॅमिव्ह्युडिन म्हणजे ‘सी’ ची. एन्झाइम फसून ती जोडतं, पण पुढचं अक्षर अडकवायला जो हूक लागतो तोच त्यांच्यात नाही, त्यामुळे साखळी तिथेच तुटते.

मग एकच औषध का पुरत नाही? कारण हे एन्झाइम लिहिलेलं तपासत नाही. दर काही प्रतींमागे एखादी तरी चूक होतेच, आणि उपचार नसताना शरीरात दिवसाला सुमारे १,००० कोटी कण तयार होतात, म्हणजे कुठलीही एका अक्षराची चूक रोजच कुठे ना कुठे घडत असते. लॅमिव्ह्युडिनसाठी एकच चूक पुरते: एन्झाइमच्या १८४ व्या जागी ‘एटीजी’चं ‘जीटीजी’ झालं की त्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, ते नकली अक्षराच्या वाटेत आडवं येतं पण खरं ‘सी’ कसंबसं बसतं. नुसतं लॅमिव्ह्युडिन दिलं तर काही आठवड्यांत हाच व्हायरस वरचढ होतो. तीन औषधांविरुद्धच्या चुका एकाच प्रतीत एकदम येणं फारच अवघड, आणि कॉपी होणंच थांबलं तर चुकाही थांबतात. म्हणून अधूनमधून गोळी चुकवणं हे सगळ्यात वाईट, कारण तेव्हा औषध अर्धवट असतं आणि कॉपी चालू.

आता इंटिग्रेशन, म्हणजे व्हायरसचं डीएनए आपल्या डीएनएत जोडलं जाणं. तयार डीएनएच्या दोन्ही टोकांची दोन-दोन अक्षरं इंटिग्रेज नावाचं एन्झाइम छाटतं आणि ती टोकं आपल्या डीएनएत खुपसतं, उरलेल्या फटी आपल्याच पेशीची दुरुस्ती यंत्रणा बुजवते. या एन्झाइमच्या कामाच्या जागी मॅग्नेशियमचे दोन आयन असतात, त्यांच्याशिवाय ते लुळं. डोलुटेग्रेव्हिर नेमके तेच दोन आयन पकडून बसतं. टोकं खुपसता आली नाहीत की तो डीएनए स्वतःशीच जोडून गोल होतो आणि हळूहळू वाया जातो.

आता हे धातू पकडणं पोटातही होतं, आणि हे कोणी नीट सांगत नाही. आमच्याकडे एका ताईंचा लोड तीन वर्षं नॉट डिटेक्टेड होता तो अचानक ६४० आला. गोळी एकदाही चुकली नाही असं त्या सांगत होत्या आणि ते खरंच होतं. नंतर कळलं की ॲसिडिटीसाठी त्या रोज जेवणानंतर गुलाबी लिक्विड घ्यायच्या आणि त्याच घोटासोबत टीएलडी. त्या लिक्विडमध्ये ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, डोलुटेग्रेव्हिर त्यांनाच चिकटतं आणि रक्तात जाणारं औषध जवळपास तीन-चतुर्थांशाने कमी होतं. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली, तीन महिन्यांनी लोड परत खाली.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर. एकदा तो डीएनए आपल्या डीएनएत जोडला गेला की या तिन्ही औषधांचं त्या पेशीत काहीच चालत नाही. सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं आहे, पेशीचे दोन भाग झाले की दोन्हीकडे ते नाव जातं. अशा बहुतेक पेशी व्हायरस बनवता बनवता एक-दोन दिवसांत मरतात, म्हणून गोळी सुरू केल्यावर लोड इतका भराभर उतरतो. (प्रोटीज इन्हिबिटर नावाची औषधं या नंतरच्या टप्प्यावर आहेत, ती बाहेर पडणारे कण कच्चे ठेवतात, पण जोडलेलं डीएनए तीही काढत नाहीत.) अडचण आहे सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी त्या थोड्या पेशींची ज्या व्हायरस जोडला गेल्यावर झोपी गेल्या. त्या काहीच बनवत नाहीत, त्यामुळे टेस्टला दिसत नाहीत, शरीराच्या संरक्षण यंत्रणेलाही नाही. नियमित औषध घेणाऱ्यांमध्ये यांची संख्या निम्मी व्हायला सरासरी ४४ महिने लागतात असं मोजलंय. समजा अशा दहा लाख पेशी आहेत. त्या एकावर यायला २० वेळा निम्म्या व्हाव्या लागतील, २० गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने, म्हणजे ७३ वर्षं.

गोळी बंद केली की यातली एखादी पेशी कधीतरी जागी होते, कण सोडते, आणि आता पुढच्या पेशीत कॉपी अडवायला कोणी नसतं. बहुतेक लोकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत लोड परत दिसायला लागतो. संसर्गाची शक्यता असलेल्या घटनेनंतर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करायला सांगतात तेही याचमुळे, नाव चढायच्या आधी अडवायचं असतं.

म्हणून भावाला सांगा की दोन वर्षं त्याने खूप नीट केलंय, लोड असाच राहिला तर जोडीदाराला शारीरिक संबंधातून लागण होत नाही, हेही त्याला मोकळेपणाने सांगा. ॲसिडिटीचं लिक्विड किंवा चघळायची गोळी घ्यायचीच असेल तर टीएलडी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पँटोप्राझोलने अडचण येत नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि टीएलडी दोन्ही जेवणासोबत एकत्र चालतात, उपाशीपोटी एकत्र नको. आणि एआरटी सेंटरला पुढच्या वेळी जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने म्हणावं, नावं आठवत नाहीत म्हणून लोक सांगत नाहीत.