सूर्यास्ताचे संगीत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्नीसोबत बेतालभाटीच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला जाणार आहे. बासरीवरचा मारवा लावावा असे मनात आहे. तो नेमका केव्हा सुरू करावा? (मडगाव)

आधी मारव्याविषयी. वेळेच्या दृष्टीने आपली निवड अचूक आहे, कारण कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम घेणारा हा राग सायंकालीन संधिप्रकाशाचाच मानला जातो. मात्र मारव्यात पंचम वर्ज्य आहे आणि षड्जावरही कलाकार जाणूनबुजून फार थोडा वेळ थांबतो. रिषभ आणि धैवत यांच्यावरच सारा भार असल्यामुळे ऐकणाऱ्याला टेकायला जागाच मिळत नाही. उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा किंवा वसंतराव देशपांडे यांचा मारवा ज्यांनी शांतपणे ऐकला आहे, त्यांना ही अस्वस्थता किती दूरवर जाते हे सांगायला नको. एकट्याने ऐकण्यासाठी मी मारव्याशिवाय दुसरे नाव घेणार नाही, पण दोघांनी शेजारी बसून ऐकायचे असेल तर पूरिया धनाश्री सुचवीन. त्यातही कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम आहेतच, संध्याकाळची हुरहुर तीच आहे, परंतु पंचम असल्याने स्वर अधूनमधून विसावतो आणि त्या विसाव्यात शेजारच्या माणसाशी एखादे वाक्य बोलता येते. श्री रागही याच वेळेचा आहे. तो मला अशा प्रसंगी फार करारी वाटतो.

आता वेळेचे गणित. डिसेंबरच्या अखेरीस गोव्यात सूर्यास्त सुमारे 6 वाजून 10 मिनिटांनी होतो. सूर्यबिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून ते पूर्ण बुडेपर्यंत जेमतेम अडीच मिनिटे लागतात, त्यानंतर मात्र आकाशातला उजेड आणखी वीस-बावीस मिनिटे पुरतो. बासरीच्या सविस्तर ध्वनिमुद्रणात आधी लय नसलेला आलाप, मग लय धरणारा जोड, त्यानंतर झाला किंवा तबल्यासह गत असा क्रम बहुधा असतो. लोक साडेपाचला, वाळूवर चादर अंथरल्याबरोबर, ध्वनिमुद्रण सुरू करतात आणि मग बिंब पाण्याला टेकत असताना नेमकी द्रुत गत धावत असते. डोळ्यांसमोर सर्व काही संथ होत असताना कानात घाई सुरू होणे ही या बेतातली सर्वांत मोठी चूक आहे.

समजा, आपल्याजवळच्या ध्वनिमुद्रणात आलाप 15 मिनिटांचा आहे. तो 5 वाजून 53 मिनिटांनी सुरू करावा. मंद्र सप्तकातले स्वर सूर्य अजून बोटभर वर असताना होतील, तार षड्जाकडचा विस्तार बिंब टेकण्याच्या सुमारास येईल आणि 6 वाजून 8 मिनिटांच्या आसपास, जोड सुरू होण्याआधी, आवाज हळूहळू कमी करून थांबवता येईल. शेवटची दोन मिनिटे लाटांसाठी मोकळी सोडावीत. त्यानंतर लगेच दुसरे काही लावू नये. सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान, आकाशाची लाली ओसरू लागली की विलंबित यमन लावावा. पूरिया धनाश्रीतले कोमल रिषभ आणि कोमल धैवत यमनमध्ये शुद्ध होतात, तीव्र मध्यम तोच राहतो. एवढ्या दोन स्वरांच्या बदलाने संधिकाल संपून रात्र सुरू झाल्याचे कानाला कळते.

एक सावधगिरी बाळगावी. हिवाळ्यात क्षितिजावर अनेकदा धुरकट पट्टा असतो आणि सूर्य पाण्याला टेकण्यापूर्वीच त्यात फिकट होऊन नाहीसा होतो. साडेपाचच्या सुमारास क्षितिजाची रेघ स्पष्ट दिसत नसेल, तर सूर्य छापील वेळेच्या काही मिनिटे आधीच दिसेनासा होईल असे धरून सर्व काही पाच मिनिटे अलीकडे घ्यावे.

प्रश्न : छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर संथ आलाप लावला तर लाटांच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. आवाज वाढवला तर आजूबाजूची माणसे वळून पाहतात. काय करावे? (डिचोली)

लाटांचा आवाज कमी-अधिक सर्वच कंप्रतांवर पसरलेला असतो, त्यामुळे तो हलके स्वर गिळतो. त्यातच छोट्या स्पीकरमधून खर्ज मुळात नीट निघत नाही आणि उघड्यावर भिंतींचा प्रतिध्वनीही मदतीला नसतो. म्हणून सूरबहार, सरोद किंवा चेलो यांचा खालचा आलाप किनाऱ्यावर वाया जातो. बासरी, संतूर आणि व्हायोलिनचे मधले व वरचे स्वर टिकतात. स्पीकर समोर दोन-तीन हातांवर ठेवण्याऐवजी दोघांच्या मध्ये, समुद्राच्या बाजूला आणि तोंड आपल्याकडे करून ठेवावा. संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून येतात. त्यामुळे ध्वनी आपल्याकडे वाहत येतो आणि आवाज कमी ठेवता येतो. मतलई वारे रात्री उशिरा सुरू होतात, तोवर आपण घरी पोहोचलेले असाल.

एकाच इअरफोनची एकेक कळी दोघांनी कानात घालणार असाल तर फोनमधील Accessibility या विभागात जाऊन Mono audio चालू करणे विसरू नये. जुगलबंदीत एक वाद्य डाव्या आणि दुसरे उजव्या बाजूला ठेवलेले असते. मोनो न केल्यास एकाला नुसते संतूर आणि दुसऱ्याला नुसती बासरी ऐकू येईल, आणि दोघेही वेगवेगळे संगीत ऐकत आहेत हे बराच वेळ कुणाच्या लक्षात येणार नाही.

प्रश्न : ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पहिल्यापासून लावले तर चालेल का? (म्हापसा)

पहिल्यापासून नको. 1967 सालच्या या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी दिवसाचा प्रवास उभा केला आहे आणि त्याची सुरुवात अहिर भैरव या सकाळच्या रागाने होते. सूर्य बुडाल्यावर भूपापासून पुढे लावावे. काब्रा यांची गिटार त्यात आहे, म्हणून शास्त्रीय संगीताची सवय नसलेल्या जोडीदारालाही हे परके वाटत नाही.

प्रश्न : माझ्या होणाऱ्या पतीला रागसंगीताची आवड नाही. गोव्याचेच, पण शब्द नसलेले काही सुचवाल का? (पणजी)

व्हायोलिनवर वाजवलेला मांडो ऐकवावा. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या ख्रिस्ती घरांमध्ये बहरलेला हा गीतप्रकार मुळातच संथ, सहा मात्रांच्या डोलाचा आहे आणि त्याचे विषय बहुतेक प्रेम, विरह व तळमळ हेच असतात. त्यामुळे शब्द काढून घेतले तरी चालीतली आर्तता उरते. साथीला घुमट असेल तर उत्तमच, पण त्याचा खोल नाद छोट्या स्पीकरवर येत नाही हे वर सांगितलेच आहे.

मांडोनंतर दुलपद गाण्याची रीत असल्यामुळे पुष्कळ ध्वनिमुद्रणांत ते लागोपाठ येते. दुलपद जलद आणि खेळकर असते, लग्नघरात त्याची फार मजा येते, किनाऱ्यावर मात्र सारा संथपणा क्षणात मोडतो. म्हणून शेवटपर्यंत ऐकून कुठे थांबवायचे ती जागा घरीच हेरून ठेवावी. दोन-तीन मांडो पुरेत. चौथ्यापर्यंत चाली एकसारख्या वाटू लागतात, असे माझे मत आहे आणि सासष्टीतील माझ्या मित्रांना ते मुळीच मान्य नाही.

प्रश्न : मोरजीला संध्याकाळी स्पीकर लावला तर चालतो का? (पेडणे)

नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्यामुळे स्पीकर टाळावा आणि इअरफोनवर ऐकावे. आगोंद आणि गालजीबाग येथेही तेच. अंधार पडल्यावर फोनचा प्रकाशही पाण्याच्या दिशेने धरू नये, म्हणून यादीतला पुढचा तुकडा आपोआप सुरू होईल अशी सोय उजेडातच करून ठेवावी.