एकच डिमांड पोर्टलवर दोनदा दिसतेय

प्रश्न : वकीलसाहेब, डिचोलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर २०१८-१९ ची ४१,३६० ची डिमांड दोनदा दिसते. रक्कम मला मान्य आहे, पण दोनदा कशी भरू? आता यंदाचा रिफंड दोन्हींत वळवणार अशी नोटीस आलीय.

उत्तर : दोनदा भरायची काही गरज नाही, पण पैसे भरायच्या आधी ही डुप्लिकेटच आहे ना ते बघून घ्या. "Pending Actions" मध्ये "Response to Outstanding Demand" उघडा आणि दोन्ही नोंदींचं कलम, ऑर्डरची तारीख आणि रक्कम शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे रिटर्नच्या पहिल्या तपासणीचं १४३(१), तीच तारीख, तीच रक्कम आणि फक्त डिमांड रेफरन्स नंबर वेगळा असेल तर नोंद दोनदा चढलीय, बहुतेक एकदा बंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून, आणि एकदा तुमच्या वॉर्डच्या असेसिंग ऑफिसरकडून. पण दुसऱ्यावर दुरुस्तीचं १५४ किंवा छाननीचं १४३(३) असेल तर ती नंतरच्या ऑर्डरची आहे, तेव्हा आधी ती ऑर्डर मिळवून वाचा. आपल्याकडे गोव्यात कलम ५ए मुळे नवराबायकोत उत्पन्न वाटलं जातं म्हणून काहीजणांना दुसरी नोंद बायकोची वाटते, तसं नसतं, तिची तिच्याच पॅनवर येणार.

डुप्लिकेट नक्की झाली की दोन्ही नोंदी एकत्र दिसतील असा स्क्रीनशॉट आधी काढा, कारण एक भरली की ती यादीतून जाते आणि मग ऑफिसर विचारतो, दुसरी कुठाय? मग सीपीसीची नोंद तिच्याच "Pay Now" वरून भरा, म्हणजे चलन त्याच नंबरला लागतं. दुसरीवर "Demand is correct" चुकूनही दाबू नका, एकदा सबमिट झालं की मागे घेता येत नाही. "Disagree with demand" घ्या, कारण "Others" द्या, आणि ही अमुक नंबरची डुप्लिकेट आहे असं साध्या भाषेत लिहा. "Demand Paid" निवडून तेच चलन इथे लावू नका, ते पहिल्या नोंदीत वापरलं गेलंय.

रिफंडची नोटीस कलम २४५ ची आहे, तिला २१ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर गप्प बसलात म्हणजे मान्य असं धरून रिफंड वळवतात.

सीपीसीकडे ऑनलाइन रेक्टिफिकेशन, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, टाकून इथे उपयोग नाही, तुमचा हिशोब बरोबरच आहे, ते परत तोच आकडा पाठवतील. चूक नोंदीत आहे आणि ऑफिसरने चढवलेली नोंद त्यालाच काढावी लागते. पोर्टलवर "Know Your AO" मध्ये तुमचा वॉर्ड बघा आणि तिथे लेखी अर्ज द्या: "निर्धारण वर्ष २०१८-१९ ची एकच मागणी दोन क्रमांकांनी नोंदली आहे. पहिली भरली आहे, चलन जोडले आहे. दुसरी नोंद व तिच्यावरचे व्याज काढून टाकावे, तोवर रिफंड तिच्यात वळवू नये." दोन्ही नंबर स्पष्ट लिहा, सोबत स्क्रीनशॉट, १४३(१) ची इंटिमेशन आणि चलन जोडा, आणि तुमच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. रिफंड आधीच वळवला असेल तर तो परत द्यावा हेही त्याच अर्जात घाला.

काही हललं नाही तर पोर्टलवर ग्रिव्हन्स टाका, शिक्क्याची कॉपी जोडून, आणि तिथेही थांबलं तर तोच अर्ज रेंजच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे द्या.