गेलेल्या माणसांचीही यादी करा

प्रश्न: माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, कुपवाड एमआयडीसीत ४ वर्षं क्वालिटीत काम करतोय. शिरवळच्या एका कंपनीत सिनिअर इंजिनिअरची जागा निघालीय. अर्जाआधी तिथल्या लोकांचे लिंक्डइन प्रोफाइल बघ म्हणतात. नेमकं काय बघायचं?

उत्तर:

मीही डिप्लोमावालाच, साताऱ्यात क्वालिटीतच आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत जाण्याआधी मी हेच केलं होतं आणि आकडे चुकीचे वाचले होते. तेच सविस्तर सांगतो.

कंपनीच्या पानावर People मध्ये जाऊन quality असं शोधलं, तेव्हा ११ जण सापडले. वहीत प्रत्येकाची एक ओळ केली: शिक्षण, आधीची कंपनी, इथे कधी आला, कोणत्या पदावर आला, आज कोणत्या पदावर आहे. मग किती वर्षं झाली याची सरासरी काढली, ती साडेपाच आली. माणसं टिकतायत म्हणजे चांगली जागा, असं धरून मी अर्ज केला.

प्रत्यक्षात त्या ११ जणांची वर्षं अशी होती: १६, १५, १४, ४, ३, २, २, २, १, १, १. तीन जुन्या माणसांनी सरासरी वर ओढली होती. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला असता तर तो २ आला असता. तुम्ही मधलाच आकडा घ्या.

पण मधला आकडा लहान आला म्हणून लगेच घाबरूही नका. नवी लाइन सुरू झाली की एकदम भरती होते, तेव्हाही तो लहानच येतो. फरक ओळखायचा असेल तर रुजू झाल्याचे महिने बघा. बरेच जण दोन-तीन महिन्यांच्या आत आले असतील तर बहुधा विस्तार. दर चार-पाच महिन्यांनी एकेक जण आलेला दिसला तर कोणीतरी सोडून जातंय आणि त्याची जागा भरली जातेय.

याची खात्री गेलेल्या माणसांवरून होते, आणि मी नेमकं तेच बघितलं नव्हतं. हजर असलेल्यांचे प्रोफाइल म्हणजे टिकलेल्यांचीच गोष्ट. माणसं शोधताना All filters उघडा, Past company मध्ये त्या कंपनीचं नाव टाका आणि Current company मध्ये ते टाकू नका. मी हे रुजू झाल्यावर केलं. सात जण सापडले. त्यातले पाच दोन ते तीन वर्षांत गेलेले, आणि पाचही जण पुढच्या कंपनीत एक पायरी वर. म्हणजे बढती मिळत होती, पण बाहेर पडल्यावर.

बढती बघताना एक फसगत होते. एकाच कंपनीच्या नावाखाली दोन-तीन पदं तारखांसकट दिसली की वाटतं, माणूस वर गेला. आता सगळ्यांची तारीख एकत्र बघा. इंजिनिअरचे सिनिअर इंजिनिअर एकाच एप्रिलमध्ये सगळेच झाले असतील, तर ते बहुधा पदांचं नाव बदलणं आहे. खरी बढती वेगवेगळ्या वर्षी होते आणि कामाच्या वर्णनात फरक पडतो: आधी इनकमिंग तपासणी, नंतर सप्लायर ऑडिट, मग ग्राहकाच्या तक्रारी.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा रकाना शिक्षणाचा. डिप्लोमा करून आलेला एक तरी माणूस तिथे असिस्टंट मॅनेजर झालाय का? झाला असेल तर नोकरी करता करता डिग्री घेतली का आणि किती वर्षं लागली, ते बघा. माझ्या यादीत वरची चारही माणसं बीई होती आणि त्यातली तीन थेट बाहेरून त्या पदावर आली होती. डिप्लोमावाले सिनिअर इंजिनिअरपाशी थांबलेले. हे माझ्या वहीत आधीपासून लिहिलेलं होतं, मी त्याकडे नीट पाहिलं नाही. तीन वर्षं गेली.

यादी अपुरी असते हे धरून चाला. शॉप फ्लोअरवरच्या अनेकांचं प्रोफाइल नसतं, काही जण सोडून गेल्यावरही महिनोन्महिने बदल करत नाहीत, आणि कंत्राटदाराच्या पेरोलवरचा माणूस कधीकधी मूळ कंपनीचंच नाव लिहितो. सात-आठपेक्षा कमी प्रोफाइल सापडले तर आकडे सोडा, कुपवाडमधल्या ओळखीतून त्या कंपनीतून बाहेर पडलेला एक माणूस गाठा.

बघताना Private mode चालू ठेवा, म्हणजे तुमचं नाव कोणाला दिसणार नाही. मोफत खात्यात तेवढा काळ तुमचं प्रोफाइल कोणी बघितलं हेही तुम्हाला दिसत नाही. आणि मुलाखतीत "तुमच्या अमुक साहेबांचं प्रोफाइल बघितलं" असं म्हणू नका. इतकंच विचारा: "ही जागा नवीन आहे की कोणी सोडल्यामुळे रिकामी झाली? आणि या पदावरून पुढे गेलेले शेवटचे कोण, त्यांना किती वर्षं लागली?" उत्तर तुमच्या वहीतल्या ओळींशी जुळतंय का, ते घरी येऊन ताडून बघा.