डिटेक्टरमधले हिरवे-पिवळे-लाल शब्द: रंग येतो कुठून

"माझा इंग्रजी निबंध डिटेक्टरमध्ये टाकला तर मधला एक पॅरा जवळपास पूर्ण हिरवा आला आणि बाकी ठिकाणी लाल-जांभळे ठिपके. प्रत्येक शब्दाचा रंग कशावरून ठरतो? हिरवं म्हणजे एआयने लिहिलेलं का?"

नाही, हिरवं म्हणजे फक्त एवढंच की तिथे पुढचा शब्द ओळखायला सोपा होता. कोणी लिहिला ते रंगाला माहीत नसतं.

तुम्ही सांगताय ते रंग जीएलटीआर नावाच्या टूलचे वाटतात. २०१९ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी-आयबीएम लॅबच्या लोकांनी ते काढलं आणि म्हणून त्याच्यावरूनच सांगतो.

आधी मराठीत एक करून बघा. "वरील विषयास अनुसरून आपणास सविनय" एवढं वाचून थांबा. पुढे काय येणार? "कळविण्यात येते की" किंवा "सादर करण्यात येते की", ज्याने आयुष्यात दोन सरकारी अर्ज वाचलेत तो डोळे मिटून सांगेल. आता "काल संध्याकाळी आजीने कपाटातून" यानंतर थांबा. साडी, डबा, पैसे, जुना फोटो, काहीही येऊ शकतं ना. टूल हेच करतं, फक्त अंदाज बांधायला माणसाच्या जागी जीपीटी-२ हे पुढचा शब्द ओळखायला शिकवलेलं मॉडेल असतं. तुमच्या मजकुराच्या प्रत्येक जागी ते थांबतं, फक्त मागचं वाचतं, आपल्या शब्दसंग्रहातल्या ५०,२५७ शब्दांची आणि शब्दांच्या तुकड्यांची "पुढे हा येईल" अशी क्रमवारी लावतं आणि तुम्ही खरोखर लिहिलेला शब्द त्या यादीत कितवा आहे ते बघतं. पहिल्या १० मध्ये असला तर हिरवा, १०० मध्ये पिवळा, १००० मध्ये लाल आणि त्याच्याही पुढे गेला तर जांभळा. बास, रंगामागे एवढंच आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण बहुतेक लोक इथेच फसतात. रंग क्रमांकावरून पडतो, संभाव्यतेवरून नाही. "ऑन द अदर" नंतर "हँड" पहिल्या नंबरवर येतो आणि मॉडेलला त्याची जवळजवळ खात्री असते. पण "द" नंतर हजारो शब्द चालतात, तिथे नवव्या नंबरवरच्या शब्दाला समजा शंभरातला एखादाच टक्का मिळाला तरी तोही हिरवाच. दोन्ही हिरवे अगदी सारखे दिसतात पण एक जवळजवळ ठरलेलाच आहे आणि दुसरा साधासुधा नेहमीचा शब्द आहे. म्हणून टूलमध्ये शब्दावर माउस नेला की छोटी खिडकी उघडते, त्यात त्या जागेचे पहिले पाच अंदाज आणि त्यांची संभाव्यता दिसते, ती वाचल्याशिवाय रंगावर जाऊच नका. खाली आलेखही असतात, त्यातला एक तुमच्या शब्दाची संभाव्यता भागिले पहिल्या नंबरच्या शब्दाची संभाव्यता असा भागाकार दाखवतो. तो १ च्या जवळ असला तर तुम्ही मॉडेलचाच पहिला पर्याय लिहिलाय.

मग यावरून मशीनचं लिखाण ओळखायचा विचार तरी कुठून आला? तर मशीन मजकूर तयार करताना याच यादीतून शब्द उचलतं आणि बहुतेक वेळा यादीचं शेपूट छाटूनच टाकतात, म्हणजे समजा पहिल्या ४० मधूनच निवड करायची. असं केलं की त्याच मॉडेलने तो मजकूर परत तपासला तर जांभळा शब्द येणारच नाही, लालसुद्धा नाही. माणूस मात्र मध्येच एखादं गावाचं नाव, एखादी विचित्र उपमा, एखादा चुकलेला शब्द टाकतोच. म्हणून खरी खूण हिरवं किती आहे ही नाही, लांबच्या लांब पट्ट्यात जांभळं अजिबात नसणं ही आहे. हे रंग दाखवल्यावर साध्या वाचकांची मशीनचा मजकूर ओळखायची अचूकता ५४ वरून ७२ टक्क्यांवर गेली असं त्या टीमच्याच पेपरात आहे. मदत होते पण ७२ म्हणजे २८ वेळा चूक, आणि तीही २०१९ च्या मजकुरावर.

माझ्या भाचीचं सांगतो. तिने ॲडमिशनसाठी स्वतः बसून इंग्रजीत दोन पानं लिहिली, तिथल्या कोणीतरी "हे मशीनचं वाटतंय" म्हणून परत पाठवली, पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी तिच्याबरोबर बसून एकेक वाक्य टूलमध्ये टाकलं. पहिला पॅरा "आय ॲम रायटिंग टू अप्लाय फॉर" पासून सुरू, सलग हिरवा, आणि का नसेल, शाळेत दहा वर्षं तिला हेच साचे पाठ करायला लावलेत. दुसऱ्या पॅऱ्यात गावची बोअर ३४० फुटांवर कोरडी गेली आणि बापाने डाळिंबाची बाग काढली हे आलं, तिथे आकड्यावर जांभळा, डाळिंबावर जांभळा, बापाच्या वाक्यावर लाल. तीच मुलगी, तोच हात. गंमत म्हणजे डाळिंब पहिल्यांदा आलं तेव्हा जांभळं होतं आणि दोन ओळींनी परत आलं तर हिरवं, कारण आता तो शब्द मागच्या मजकुरात होता आणि मॉडेलने तो धरला.

तिच्यासारख्यांनाच याचा फटका जास्त बसतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी परदेशी विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरांत टाकले आणि सरासरी ६१ टक्के निबंध चुकीने मशीनचे ठरले. कारण उघड आहे, दुसऱ्या भाषेत लिहिणारा माणूस ओळखीचे, सुरक्षित शब्द वापरतो आणि ओळखीचे शब्द यादीत वरच असतात. मला या गोष्टीचा खरंच राग येतो.

हिरवं येण्याची अजून एक वाट म्हणजे पाठ झालेला मजकूर. अमेरिकेच्या राज्यघटनेची प्रस्तावना टाकून बघा, १७८७ सालची आहे, तरी पहिल्या काही शब्दांनंतर सगळं हिरवं होत जातं, कारण मॉडेलने ती शंभरदा वाचलीय. सुरुवातीच्या शब्दांचा रंग मात्र कुठल्याच मजकुरात धरू नका, मागे संदर्भच नसतो.

आणि मराठी निबंध त्यात टाकू नका. जीपीटी-२ जवळपास सगळं इंग्रजीवर शिकलंय आणि देवनागरी त्याला शब्द म्हणून दिसतच नाही, बाइट दिसतात, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या कोडमध्ये साठवतो त्याचे तुकडे. आपल्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात, त्यातले पहिले दोन नेहमी E0 A4 नाहीतर E0 A5. मग ते ओळखायला काय लागतं, हिरवं होणारच! तो रंग तुमच्या भाषेचा नाही, एन्कोडिंगचा आहे.

तुमच्या त्या हिरव्या पॅऱ्याचं सांगायचं तर त्यातला एकेक शब्द उघडा आणि बघा की खिडकीत पहिल्या अंदाजाला ८०-९० टक्के मिळालेत की पाच अंदाज ५-५ टक्क्यांवर रेंगाळतायत. पहिलं असेल तर तिथे ठरलेले वाक्प्रचार आहेत, बहुतेक व्याख्या किंवा प्रस्तावना असेल. दुसरं असूनही दीडशे-दोनशे शब्दांत एकही लाल-जांभळा नसेल तर कोणी शंका घेतली तर समजू शकतो, पण तेव्हाही तुमचे कच्चे ड्राफ्ट आणि फाइलची एडिट हिस्टरी पुढे ठेवा, कारण कोणी लिहिलं ते त्यात दिसतं, रंगात नाही.