प्रश्नावलीतला 'आणि' कुठे अडकतो

प्रश्न: एमएसडब्ल्यूच्या प्रोजेक्टसाठी गावातल्या पाणीपुरवठ्यावर प्रश्नावली केली. गाईड म्हणतात, निम्मे प्रश्न डबल बॅरल आहेत, तोडा. एका प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या तर एवढं काय बिघडतं? आणि तोडायचे कसे?

उत्तर: तुमची प्रश्नावली मी पाहिलेली नाही, पण पाण्याचा विषय म्हटल्यावर त्यात एक प्रश्न असणारच: 'तुमच्या नळाला पुरेसे आणि स्वच्छ पाणी येते का?' मीही एकदा हाच छापला होता. सर्व्हेच्या दुसऱ्या दिवशी फॉर्म भरणाऱ्या एका मुलासोबत घरोघर फिरलो. एका काकूंनी हंडा घासता घासता सांगितलं, "पुरतं की. पण पाऊस लागला की गढूळ येतं." मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि 'हो'वर टिक केली. दुपारी दुसऱ्या वाडीत दुसऱ्या मुलीला जवळपास हेच उत्तर मिळालं, तिने 'नाही'वर केली. चूक दोघांचीही नव्हती, कागदावर तिसरी जागाच नव्हती. पण एक्सेलमध्ये ते दिसलं कसं? पहिली वाडी समाधानी, दुसरी नाराज. म्हणजे सर्वेक्षकांमधला फरक आम्ही वाड्यांमधला फरक म्हणून मांडणार होतो.

हिशोब करून बघा. समजा 100 घरं आहेत. 40 घरांत पाणी पुरेसंही आहे आणि स्वच्छही, 25 घरांत पुरेसं पण गढूळ, 20 घरांत स्वच्छ पण अपुरं, 15 घरांत दोन्हीची बोंब. मधली 45 घरं काय सांगतील, ते त्या दिवशी कोणती गोष्ट जास्त सलते आहे त्यावर ठरणार. म्हणजे त्याच गावात 'हो' 40 टक्के येऊ शकतात किंवा 85 टक्के. आणि 'नाही' म्हणणाऱ्यांचं करायचं काय? पाणी कमी असेल तर पंप आणि टाकीची क्षमता बघावी लागते. गढूळ असेल तर पाइपलाइनची गळती शोधायची, जंतू मारायची टीसीएल पावडर नीट पडते का ते जलसुरक्षकाला विचारायचं. तुमच्या आकड्यावरून ग्रामपंचायतीला यातलं एकही ठरवता येत नाही.

आता तोडणं. नुसता 'आणि' खोडून 'पाणी पुरेसे येते का?' आणि 'पाणी स्वच्छ येते का?' असे दोन केले की झालं, असं वाटतं. पण 'पुरेसे'च्या पोटात परत दोन गोष्टी आहेत: किती दिवस येतं आणि आलं की किती येतं. म्हणून मी असं विचारतो: 'गेल्या 7 दिवसांत किती दिवस नळाला पाणी आलं?' मग, 'गेल्या 7 दिवसांत नळाशिवाय दुसरीकडून पाणी आणलं का?' या दुसऱ्या प्रश्नात मी आधी 'पाणी कमी पडलं म्हणून' असं लिहिलं होतं. तिथेच फसलो. कोणी नळाचं पाणी खारट लागतं म्हणून विहिरीवरून आणतं. त्याने काय सांगायचं? कारण प्रश्नात कोंबलं की तोही डबल बॅरल होतो, फक्त 'आणि' दिसत नाही. कारण पुढच्या प्रश्नात घ्या, ज्यांनी 'हो' म्हटलं फक्त त्यांनाच: 'कशासाठी आणलं?'

'स्वच्छ'चंही तसंच. पाण्यात जंतू आहेत का हे घरातल्या बाईला डोळ्यांनी दिसत नाही, ते तपासणीचं काम. तिला जे दिसतं ते विचारा: 'गेल्या महिन्यात नळाला गढूळ पाणी आलं का?' वास येतो का, हा वेगळा प्रश्न.

पर्यायही तपासा. 'हो, कारण योजना चांगली आहे' असा पर्याय मी छापील प्रश्नावलीत पाहिलाय. तिथेही उत्तरात कारण कोंबलेलं.

आता गाईड विचारतील, 'एकच आकडा हवा असेल तर?' तो नंतर काढा. जल जीवन मिशनमध्ये चालू नळजोडणीच्या व्याख्येत माणशी दिवसाला किमान 55 लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचं आणि नियमित पाणी, अशा तीन अटी आहेत. त्या वेगवेगळ्या मोजून तिन्ही पुऱ्या करणारी घरं मोजता येतात. उलटं होत नाही. एका 'हो'मधून तीन गोष्टी कोणी बाहेर काढू शकत नाही.

प्रत्येक 'व', 'आणि', 'किंवा' तोडायला मात्र बसू नका, फॉर्म चार पानांचा होईल आणि लोक कंटाळून काहीही सांगतील. 'स्वतःची विहीर किंवा बोअरवेल आहे का?' हा प्रश्न, तुम्हाला फक्त स्वतःचा स्रोत आहे की नाही एवढंच हवं असेल तर, तसाच चालतो. शंका आली की आठ-दहा घरांत प्रश्न विचारून बघा. लोक "हो, पण..." म्हणाले किंवा सर्वेक्षकाने समासात काही खरडलं, तर तो प्रश्न तोडायचाच.

सर्व्हे आधीच झाला असेल तर त्या प्रश्नाची उत्तरं सर्वेक्षकवार लावून बघा. एकाच वाडीत दोघांचे 'हो' फार वेगळे असतील तर तो तक्ता रिपोर्टातून काढा आणि शक्य तेवढ्या घरांत तोडलेले प्रश्न पुन्हा विचारून या.