लहान मुलाला सर्पविषरोधकाचा डोस कमी का करत नाहीत?

*प्रश्न: आमच्या ग्रामीण रुग्णालयात १२ किलोच्या मुलाला घोणस चावली. डॉक्टरांनी ॲन्टी स्नेक व्हेनमच्या १० व्हायल लिहिल्या, मोठ्या माणसाइतक्याच. पॅरासिटामॉलसुद्धा आपण वजनावर देतो, मग हे का नाही?*

ताई, पॅरासिटामॉल मुलाच्या शरीरावर काम करतं, म्हणून ते शरीराच्या मापाने द्यायचं. सर्पविषरोधकाचं काम विषावर असतं. घोड्याच्या रक्तातून काढलेल्या या प्रतिपिंडांनी रक्तात फिरणारं विष पकडायचं आणि निकामी करायचं. त्यामुळे डोस ठरतो तो सापाने किती विष सोडलं त्यावर, आणि समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही.

आता तुमच्याच रुग्णाचा हिशोब करू. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. आपल्याकडच्या, अनेक सापांच्या विषावर चालणाऱ्या सर्पविषरोधकाची एक व्हायल १० मिलिलिटरमध्ये विरघळवली की घोणशीचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. सुरुवातीच्या १० व्हायल आल्या त्या इथून. तेच ६३ मिलिग्रॅम ६० किलोच्या माणसात गेलं तर किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम पडतं, तुमच्या १२ किलोच्या मुलात ५ मिलिग्रॅमच्या वर. वजनाच्या प्रमाणात डोस कापून २ व्हायल दिल्या, तर १२ मिलिग्रॅम विष मारलं जाईल आणि ५१ उरेल, म्हणजे किलोमागे ४ मिलिग्रॅमहून जास्त. काहीच उपचार न झालेल्या मोठ्या माणसाच्या चौपट विष त्या ‘उपचार झालेल्या’ मुलात फिरत राहील. डोस कापणं किती घातक आहे, ते या एका आकड्यावरून कळावं.

वजन बघायचं ते पाण्यासाठी, आणि खरी चूक बहुतेक इथेच होते. मोठ्यांच्या सवयीने १० व्हायल ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये घातल्या, तर मुलाला तासाभरात ६०० मिलिलिटर जाईल. किलोमागे ५० झाले, फुप्फुसात पाणी भरू शकतं. मुलांसाठी सलाइन किलोमागे ५ ते १० मिलिलिटर घ्यायचं. तुमच्या मुलाला ६० ते १२०, त्यात विरघळवलेल्या व्हायलचे १००, एकूण १६० ते २२० मिलिलिटर. हे साधारण तासाभरात सोडायचं. पावडर विरघळवताना व्हायल जोरात हलवू नका, फेस होतो आणि प्रथिनं बिघडतात. दोन तळहातांमध्ये हळूहळू फिरवत राहा.

रिॲक्शनच्या भीतीने डोस कमी करणारेही भेटतात. पण रिॲक्शन पहिल्या काही मिलिलिटरमध्येसुद्धा येऊ शकते, त्यामुळे २ व्हायल दिल्याने ती टळेल असं नाही. त्वचेवरची टेस्ट करण्यातही वेळ घालवू नका, तिच्यावरून काही कळत नाही. त्याऐवजी ड्रिप सुरू करण्याआधी ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून ठेवा. हे मात्र वजनावरच: १:१००० चं किलोमागे ०.०१ मिलिलिटर, म्हणजे १२ किलोला ०.१२, मांडीच्या स्नायूत. एवढं मोजायला १ मिलिलिटरची सिरिंजच लागते. अंगावर पित्त उठलं, खाज सुटली, उलटी झाली, धाप लागली किंवा बीपी उतरलं की ड्रिप थांबवून ॲड्रेनालिन द्यायचं. मूल सावरलं की ड्रिप पुन्हा सुरू करायची, आधी हळू. उरलेलं औषध फेकायचं नाही, १० व्हायल पूर्ण गेल्याच पाहिजेत.

मूल लहान म्हणून डोस घटवत नाहीत, तसंच नुसता साप चावला म्हणून तो देतही नाहीत. रक्त न गोठणं, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, पापण्या जड होणं, झपाट्याने चढणारी सूज अशी विषबाधेची लक्षणं हवीत. घोणशीत २० मिनिटांची चाचणी सर्वांत उपयोगी. कोरड्या, नव्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये शिरेतलं २ मिलिलिटर रक्त घेऊन २० मिनिटं धक्का न लावता ठेवा, मग एकदाच तिरकी करून रक्त गोठलं का ते बघा. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची ट्यूब वापरली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि औषध उगाच दिलं जातं.

डोस संपल्यावर पुढची चाचणी ६ तासांनी. यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो, म्हणून तासाभरात रक्त गोठलं नाही तर घाबरून जाऊ नका. ६ तासांनीही गोठलं नाही तर आणखी ५ ते १० व्हायल. घोणशीचं विष ५ ते १४७ मिलिग्रॅमपर्यंत मोजलं गेलं आहे, तेव्हा काही मुलांना दुसरा डोस लागणारच. एकूण मर्यादा साधारण ३० व्हायलची, तीही मुलांना आणि मोठ्यांना सारखीच.

मधल्या वेळात तासातासाची लघवी मोजून लिहा. घोणशीत मूत्रपिंडं लवकर दगावतात आणि लहान मुलात घटलेली लघवी नजरेतून सहज सुटते. डिस्चार्ज देताना आईवडिलांना सांगून ठेवा की पुढच्या एक ते तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ आलं तर मुलाला परत आणायचं. ती सीरम सिकनेस असू शकते आणि तोंडी प्रेडनिसोलोनने ती आटोक्यात येते.