‘९६ टक्के पाऊस’ म्हणजे शिरोळला किती?

प्रश्न: एप्रिलमध्ये हवामान खातं पावसाचे टक्के सांगतं, जूनच्या तोंडावर परत सांगतं. हे काढतात कशावरून? शिरोळात सोयाबीनचं त्यावर ठरवावं का?

उत्तर: पेरणीचं त्यावर ठरवू नका. हंगाम ओढीचा जाईल का, याचा अंदाज बांधायला मात्र ते कामाचे आहेत, फक्त बातमीतला आकडा सोडून खात्याच्या पत्रकातला शक्यतांचा तक्ता बघायचा.

हे टक्के अख्ख्या देशाचे, जून ते सप्टेंबरचे. १९७१ ते २०२० ची सरासरी ८७ सेंटीमीटर, ती १०० धरायची. ९६ ते १०४ म्हणजे ‘सर्वसाधारण’ गट, त्याच्या खाली ‘सर्वसाधारणपेक्षा कमी’, आणि ९० च्याही खाली ‘अपुरा’.

पूर्वी मुख्य भर ठरावीक सूचकांवर असे: फेब्रुवारीत विषुववृत्ताजवळच्या दक्षिण हिंदी महासागराचं तापमान, पूर्व आशियातला हवेचा दाब, अगदी जानेवारीतलं वायव्य युरोपातलं तापमानसुद्धा! २०२१ पासून जगातली संगणकावर चालणारी अनेक हवामान मॉडेल एकत्र धरतात. समुद्राची आणि हवेची आत्ताची स्थिती घालून, सुरुवात किंचित बदलत, मॉडेल पुन्हापुन्हा चालवतात. उत्तरांच्या सरासरीवरून मथळ्याचा आकडा येतो, आणि कुठल्या गटात किती उत्तरं पडली त्यावरून शक्यता.

एप्रिलची अडचण पॅसिफिकमध्ये आहे. मार्च ते मे तिथला समुद्र कूस बदलत असतो, त्यामुळे तिथलं पाणी तापून आपला पाऊस बहुधा कमी करणारा अल निनो येणार की नाही हे मॉडेलनाही नीट कळत नाही. मेअखेर चित्र जरा स्पष्ट होतं, म्हणून चुकीची मर्यादा ५ टक्क्यांवरून ४ वर येते.

२०२३ चंच बघा. एप्रिलचा आकडा ९६, बातमी ‘सर्वसाधारण पाऊस’. तक्त्यात मात्र ‘सर्वसाधारणपेक्षा कमी’ला २९ टक्के आणि ‘अपुरा’ला २२ टक्के शक्यता होती, म्हणजे ९६ च्या खाली जाण्याची ५१. एरवी या दोन गटांची मिळून शक्यता साधारण ३३ असते. मेअखेरही आकडा ९६ च राहिला. प्रत्यक्षात ९४ झाला, म्हणजे अंदाज मर्यादेत बसला. पण त्याच हंगामात ऑगस्टचा पाऊस देशभरात ३६ टक्के कमी होता, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन फुलात-शेंगेत असतानाच ही ओढ! चार महिन्यांच्या बेरजेत ती दिसत नाही.

मेअखेर विभागवार आकडेही येतात, पण आपण ‘मध्य भारता’त मोडतो, गुजरात आणि ओडिशाच्या सोबत. घाटाजवळच्या गगनबावड्याच्या आणि शिरोळच्या पावसात आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात कितीतरी पटींचा फरक, तो त्यात कुठून येणार? पंचगंगेच्या पुराचंही तेच. २०१९ ला अंदाज ९६ होता, देशात पडला ११०, आणि राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेही घाटमाथ्यावरच्या थोड्या दिवसांच्या पावसानं.

पेरणीसाठी दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज बघा. त्यातले पहिले दोन आठवडे धरा, पुढचे नुसते वाचा. आणि शेतात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बी टाकू नका, मग एप्रिलचा आकडा १०६ असो.